ओआरएसचं उत्तर घामाच्या प्रश्नाला का चालत नाही?

पोषणशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न थोड्याफार फरकाने दर दोन-तीन वर्षांनी येतो. ओआरएसची रचना सांगा आणि उष्ण हवामानात व्यायाम करताना शरीराची द्रवाची गरज स्पष्ट करा. नेट-सेटला याच मुद्द्यावर जोड्या लावा किंवा विधान-कारण येतं, पेटमध्ये लघुत्तर येतं. अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासताना मला या प्रश्नाची साधारण एकच प्रकारची उत्तरं दिसतात. पहिल्या अर्ध्या पानावर ओआरएसचे चार घटक ग्रॅमसकट व्यवस्थित लिहिलेले असतात. मग 'म्हणून खेळाडूंनी उन्हाळ्यात व्यायाम करताना ओआरएस प्यावे' असं एक वाक्य येतं आणि उत्तर संपतं.

त्या 'म्हणून'मध्ये गडबड आहे. जुलाबातून जे जातं आणि घामातून जे जातं, ते एकच द्रव नाही. काय गेलं हे ठरल्याशिवाय काय भरायचं हे ठरत नाही. आजचा लेख एवढ्याच मुद्द्यावर आहे, पण तो आकड्यांनी समजून घेऊ. आकडे स्वतः काढता आले की पाठ करायची गरजही कमी होते.

आधी ओआरएस. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून सुचवलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. मिलीमोलमध्ये सांगायचं तर सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १०. बेरीज २४५, म्हणजे ऑस्मोलॅरिटी लिटरला २४५ मिलीऑस्मोल.

इथे बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. २.६ ग्रॅम मिठाला ५८.४ या रेणुभाराने भागलं तर ४४.५ मिलीमोल येतात. मग सोडियम ७५ कुठून आलं? उरलेलं सायट्रेटमधून येतं. २.९ ग्रॅमला २९४ ने भागा, जवळपास १० मिलीमोल सायट्रेट मिळतं. त्याच्या प्रत्येक रेणूत सोडियमचे तीन आयन असतात, म्हणजे आणखी ३० मिलीमोल सोडियम. ४५ आणि ३० मिळून ७५. क्लोराइडचंही तसंच आहे. मिठातून ४५, पोटॅशियम क्लोराइडमधून २०, मिळून ६५. एवढं एकदा वहीत करून बघितलंत की जोड्या लावताना पर्याय कितीही फिरवून दिले तरी गोंधळ होत नाही. सायट्रेटचं मुख्य काम मात्र सोडियम पुरवणं हे नाही. जुलाबातून बायकार्बोनेट जातं आणि रक्ताची आम्लता वाढते, ती सावरण्यासाठी सायट्रेट असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, घामाकडे वळल्यावर लागेल.

जुन्या पुस्तकांत ३.५ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम ग्लुकोज आणि एकूण ३११ मिलीऑस्मोल असे आकडे सापडतात. ते चुकीचे नाहीत, २००२ च्या आधीचे आहेत. ते सूत्र कॉलऱ्यावर बेतलेलं होतं, कारण कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या पातळ जुलाबातलं सोडियम रक्तद्रवातल्या सोडियमच्या जवळपास पोचतं. लहान मुलांच्या इतर जुलाबांत ते बरंच कमी असतं. शिवाय ३११ हा आकडा रक्तद्रवाच्या साधारण २९० पेक्षा वर जातो. सूत्र पातळ केल्यावर मुलांमध्ये उलट्या आणि जुलाबाचं प्रमाण कमी झालं, आणि सलाईन लावायची गरज साधारण एक तृतीयांशाने घटली. उत्तरात नवे आकडे लिहा, आणि जुने लिहायचेच असतील तर 'जुनं सूत्र' असं स्पष्ट म्हणा. दोन्हींची खिचडी, म्हणजे २.६ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज, ही कुठल्याच सूत्रात नाही.

साखर आणि मीठ एकत्र का, याचं कारण लहान आतड्याच्या पेशीवर आहे. तिथला एसजीएलटी-१ नावाचा वाहक सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्रच आत घेतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबात सोडियम शोषणाचे इतर मार्ग कोलमडतात, पण हा मार्ग बहुतेक वेळा शाबूत राहतो. ओआरएसचं सगळं यश या एका दारावर उभं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण लोकांना तोंडाने पाजलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो चार टक्क्यांच्या खाली आला. परीक्षेत इतिहासाला एखादाच गुण असतो, पण ओआरएस कोणत्या नुकसानीवर तयार झालं हे यातून नीट कळतं. आतड्यातून वाहून जाणारं, रक्तद्रवासारखं खारट पाणी भरून काढण्यासाठी ते आहे.

आता घाम. घर्मग्रंथीच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यात जो घाम तयार होतो, तो सुरुवातीला रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो नळीतून त्वचेकडे येता येता नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेतात. त्यामुळे बाहेर पडणारा घाम पातळ असतो, लिटरला साधारण २० ते ८० मिलीमोल सोडियम. बहुतेकांचा घाम यातल्या मधल्या पट्ट्यात बसतो. पोटॅशियम तर फारच थोडं, ४ ते ८ मिलीमोल. घाम वेगाने येऊ लागला की नळीला मीठ परत ओढायला वेळ पुरत नाही आणि घाम जास्त खारट होतो. काहींच्या टी-शर्टवर वाळल्यावर पांढरे डाग उठतात ते हेच. आणि बायकार्बोनेटचं मोठं नुकसान घामातून होत नाही, त्यामुळे सायट्रेटची इथे खास गरज नाही.

यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते या प्रश्नाचे निम्मे गुण तिच्यात आहेत. घाम रक्तद्रवापेक्षा पातळ आहे, म्हणजे घामातून मीठ जातं पण पाणी त्याहून जास्त प्रमाणात जातं. मागे उरलेलं रक्त खारट होतं. जुलाबात बहुतेक वेळा पाणी आणि मीठ साधारण बरोबरीने जातं, रक्ताचं प्रमाण घटतं पण त्याचा खारटपणा फारसा बदलत नाही. पुस्तकी भाषेत घामाचं निर्जलीकरण हायपरटॉनिक आणि जुलाबाचं बहुधा आयसोटॉनिक.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. एप्रिलमधली संध्याकाळ, नागपुरातलं कबड्डीचं मैदान, दीड तासाचा सराव. एका मुलाचं सरावाआधीचं वजन ५८.४ किलो, सराव संपल्यावर ५७.१ किलो. मध्ये त्याने अर्धा लिटर पाणी प्यायलं आणि लघवीला गेला नाही. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण अशा सरावात असे आकडे सहज येतात.) वजन घटलं १.३ किलो, त्यात प्यालेलं ०.५ मिळवा. म्हणजे घाम १.८ लिटर, ताशी १.२ लिटर. वजनातली घट मूळ वजनाच्या २.२ टक्के.

हे सूत्र लिहिताना ते कुठे फसतं तेही एका ओळीत लिहा, परीक्षकाला आवडतं. घामाने भिजलेले कपडे घालूनच वजन केलं तर कपड्यात अडकलेला घाम मोजलाच जात नाही. लघवी झाली असेल तर ती वजा करावी लागते. श्वासातून जाणारं पाणी आणि जळालेलं इंधन यांचाही थोडा वाटा वजनाच्या घटीत असतो. तास-दीड तासात तो सोडून दिला तरी चालतो, चार-पाच तासांच्या शर्यतीत मात्र नाही.

आता मीठ. या मुलाच्या घामात लिटरला ४५ मिलीमोल सोडियम धरू. १.८ लिटरमध्ये ८१ मिलीमोल, म्हणजे सुमारे १.९ ग्रॅम सोडियम, मिठात मोजलं तर ४.७ ग्रॅम. चमचाभराला थोडं कमी. आकडा मोठा वाटतो, आणि इथेच विद्यार्थी घाईघाईने ओआरएसकडे वळतात. थांबा, रक्ताचं काय झालं ते आधी बघू.

ढोबळ हिशेब असा. वजनाच्या ६० टक्के पाणी धरलं तर मुलाच्या शरीरात ३५ लिटर पाणी आहे. रक्तातलं सोडियम लिटरला १४०. दोन्हींचा गुणाकार ४९००. (पेशींच्या आत सोडियमऐवजी पोटॅशियम असतं हे खरं, पण पाणी पेशीच्या आत-बाहेर सहज फिरतं, म्हणून अंदाजापुरता हा गुणाकार चालतो.) त्यातून घामाचे ८१ गेले, उरले ४८१९.

मुलाने काहीच प्यायलं नसतं तर पाणी उरलं असतं ३३.२ लिटर, आणि सोडियम झालं असतं १४५. मीठ गमावूनही सोडियम वाढलं! गेलेलं १.८ लिटर पाणी साध्या पाण्याने पूर्ण भरलं असतं, तर ४८१९ भागिले ३५, म्हणजे साधारण १३८. नेहमीच्या मर्यादेतच. आता तिसरी शक्यता. कोणीतरी त्याला सांगितलं, उन्हाळा आहे, पीत राहा, आणि तो घामापेक्षा दोन लिटर जास्त प्याला. पाणी झालं ३७ लिटर, सोडियम १३०. ही धोक्याची पातळी. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण सुरू होऊ शकतं, आणि याहून खाली गेलं तर झटके येऊ शकतात. एरवी मूत्रपिंडं जादा पाणी बाहेर टाकतात, पण व्यायामाच्या ताणात एडीएच हे संप्रेरक वाढलेलं राहू शकतं आणि लघवी रोखली जाते. दीड तासात एवढं जादा पाणी कोणी पीत नाही हे मान्य, गणित सोपं राहावं म्हणून घामाचा आकडा तोच ठेवलाय. पण चार-पाच तास सावकाश पळणारा आणि प्रत्येक टेबलावर थांबून पिणारा माणूस तिथे सहज पोचतो.

मग त्या जादा पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं असतं तर? लिटरला २० मिलीमोल सोडियम असलेलं ३.८ लिटर पेय म्हणजे ७६ मिलीमोल. ४८१९ मध्ये ते मिळवून ३७ ने भागा, १३२ येतं. म्हणजे फार काही वाचलं नाही. व्यायामातल्या हायपोनेट्रेमियाचं मुख्य कारण घामातलं मीठ जाणं हे नसून गरजेपेक्षा जास्त पिणं आहे, हे पुस्तकातलं विधान या भागाकारातून स्वतःला पटतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात हा धोका सर्वांत ठळक होता. शर्यत संपल्यावर वजन वाढलेलं असणं हीच खूण. ओळखण्यासाठी वजनकाटा पुरतो, आणि उपाय म्हणून अशा माणसाला आणखी पाणी पाजायचं नसतं. बेशुद्धी किंवा झटके असतील तर ते रुग्णालयाचं काम. थकून बसलेल्या प्रत्येकाला 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून ग्लास पुढे करणं म्हणूनच घातक ठरू शकतं.

मग आपल्या कबड्डीपटूने किती प्यावं? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००७ ची भूमिका अशी की वजनातली घट २ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि घामापेक्षा जास्त पिऊ नये. ५८.४ किलोचे २ टक्के म्हणजे १.१७ किलो. घाम १.८ लिटर, म्हणजे निदान ६३० मिलिलिटर प्यायला हवं होतं. तो प्याला ५००. फार नाही, थोडंच कमी पडलं. दर वीस मिनिटांनी २०० मिलिलिटर, असं चार वेळा प्याला असता तर ८०० झालं असतं आणि घट १.७ टक्क्यांवर थांबली असती. 'ताशी एक लिटर प्यावे' असा सरसकट आकडा लिहिण्यापेक्षा हे उत्तर कितीतरी चांगलं. घामाचा वेग माणसागणिक ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलतो, त्यामुळे सरसकट आकडा कोणाला तरी कमी आणि कोणाला तरी जास्त पडतोच.

आता पेयात काय असावं. त्याच भूमिकेत लांबलेल्या व्यायामासाठी लिटरला २० ते ३० मिलीमोल सोडियम, २ ते ५ मिलीमोल पोटॅशियम आणि ५ ते १० टक्के कर्बोदकं सांगितली आहेत. कर्बोदकांचं उद्दिष्ट ताशी ३० ते ६० ग्रॅम. आपल्या मुलाचं ८०० मिलिलिटर पेय ६ टक्क्यांचं असेल तर त्याला ४८ ग्रॅम साखर मिळते, तासाला ३२. तेवढंच ओआरएस प्याला तर ग्लुकोज मिळतं १०.८ ग्रॅम, तासाला सात. इथे दोघांचा फरक उघडा पडतो. ओआरएसमधली साखर सोडियम आत खेचण्यासाठी आहे, पळणाऱ्या स्नायूंना इंधन पुरवण्यासाठी नाही. उलट स्पोर्ट्स ड्रिंक जुलाब झालेल्या मुलाला दिलं तर साखर जास्त, सोडियम तुटपुंजं. आतड्यात न शोषलेली साखर पाणी आपल्याकडे ओढते आणि जुलाब वाढतात. दुकानात ओआरएससारख्या नावाने मिळणाऱ्या गोड खोक्यांचा वाद याच कारणाने पेटला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला मनाई केली. चालू घडामोडी म्हणून हा मुद्दा पुढच्या पेपरात आला तर आश्चर्य वाटायला नको.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी मुलं मला विचारतात की आम्ही यातलं काय प्यायचं. तासाभराच्या आत संपणाऱ्या सरावाला साधं पाणी पुरतं, पुढच्या जेवणातून मीठ येतंच. दीड-दोन तासांपुढे घरचं लिंबू सरबतही चालतं. लिटरला ६० ग्रॅम साखर आणि १.५ ग्रॅम मीठ घातलं तर सोडियम २६ मिलीमोलच्या आसपास येतं, पट्ट्यात बरोबर बसतं. मीठ वजन करून घ्या, 'चिमूटभर' हे माप प्रत्येकाच्या बोटांप्रमाणे बदलतं.

ओआरएस खेळाडूला कधीच नको, असंही लिहू नका. दिवसात दोन सराव आहेत, मधे चारच तास आहेत, घाम खारट आहे आणि जेवायची इच्छा नाही, अशा वेळी सराव संपल्यावर ते उपयोगी पडतं. सोडियम जास्त असलं की प्यालेलं पाणी लघवीतून लगेच निघून न जाता शरीरात टिकतं. लवकर सावरायचं असेल तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर असा संकेत आहे, म्हणजे आपल्या मुलाला सुमारे दोन लिटर, एकदम नाही तर काही तासांत. रात्री भाकरी, आमटी आणि लोणच्याची फोड पोटात जाणार असेल तर ४.७ ग्रॅम मीठ त्यातूनच भरतं आणि सोबत साधं पाणी पुरतं.

उत्तरात हवामानाचा भाग राहून जातो, प्रश्नात तो शब्द असूनही. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघते. महत्त्व वाफ होण्याला आहे, गळून पडलेला थेंब काही थंड करत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम दिसायच्या आत उडतो, त्यामुळे मुलाला वाटतं आपल्याला घाम आलाच नाही, आणि तो कमी पितो. मुंबईच्या दमट हवेत अंग निथळतं, पण वाफ नीट होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं आणि तापमान तरीही चढत राहतं. दमट हवेतला हा त्रास पाणी पिऊन मिटत नाही, तिथे सरावाची वेळ आणि जोर कमी करावा लागतो.

आणि शेवटचा मुद्दा, जो विधान-कारण प्रकारात हमखास चकवतो. उष्ण हवेत रोज सराव केला की दहा ते चौदा दिवसांत शरीर सरावतं. घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, पण अल्डोस्टेरॉनमुळे नळी जास्त मीठ परत ओढते आणि घाम पातळ होतो. म्हणजे सरावलेल्या खेळाडूला पाणी जास्त लागतं, पण लिटरमागे मीठ कमी जातं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजलेला घामाचा वेग एप्रिलमध्ये तसाच धरता येत नाही, वजनकाट्यावर पुन्हा उभं राहावं लागतं.